विहिणीचा लाडू आणि पडलेली भिंत

बावड्यात चंद्राबाईच्या जिभेला धार लावायला कुणाची सहाण लागत नव्हती. लग्नात रुखवत मांडलं, की नवरीकडच्या लाडू-करंज्यांना गाण्यातनं नावं ठेवायला तिलाच बोलवायचे. मोटारी पाठवून न्यायचे. विहीण जितकी लाल व्हायची तितकं लग्न झकास झालं असं अख्खा इंदापूर तालुका धरून चालायचा. उलट ज्या विहिणीला चंद्राबाईनं काहीच म्हटलं नाही, ती रुसून बसायची. आमच्यात काय खोट दिसली म्हणून आम्हाला शिव्या नाहीत, असं विचारायची.

आणि तिच्याच शेंडेफळाच्या, संदेशच्या लग्नात थोरला अजित म्हणाला, "आये, ह्या बारीला गानं नको."

"का? माजा गळा बसला का तुजी अक्कल?"

"अगं, ती मानसं तिकडली सागरची, मध्य प्रदेशातली. त्यांना न्हाय समजायचं. आन् समजलं तर भर मांडवातनं उठून जातील."

संदेश बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. नवरी संस्कृती त्याच कंपनीत. पोरगी गोड होती, पण चंद्राबाई काही बोलली की आधी हसायची आणि मग शेजारच्याला अर्थ विचारायची. तिला मराठी शिकवायला होती अजितची लेक वृषाली. बाहेरगावच्या नोकरदारांसाठी बारामतीत ती संध्याकाळी मराठीचा वर्ग चालवायची.

वृषालीनं तोडगा काढला. "आज्जे, तू गा. मी गाण्यांचं हिंदी करून संस्कृतीकाकूला देते. ती आईला वाचून दाखवंल. पप्पा, काळजी नको, मी बघून लिहिते."

ते 'बघून लिहिते' चंद्राबाईला तिथंच खटकलं होतं. दोन दिवसांनी तिनं कागद मागवला. शाळा तिसरीपर्यंतच, पण अक्षर लावता येत होतं, आणि टीव्हीवरच्या हिंदी मालिकांतल्या सासवा तर तिनं पाठ केल्या होत्या. कागदावर तीन रकाने होते. पहिल्यात तिचं गाणं, दुसऱ्यावर 'शब्दाला शब्द' आणि तिसऱ्यावर 'सहज'.

आलं आलं रुखवत, | आया आया रुखवत, | रुखवत आ गया,
लाडू आणले घोळून. | लड्डू लाए लपेटकर. | लड्डू बढ़िया बने हैं,
एक मारला भिंतीला, | एक मारा दीवार को, | बड़े मज़बूत,
भिंत पडली कोसळून! | दीवार गिरी ढहकर! | जैसे घर की दीवार!

खाली बारीक अक्षरात शिकणाऱ्यासाठी टिपा:

रुखवत: लग्नात नवरीकडून मांडलेले पदार्थ आणि वस्तू. हिंदीत नेमका शब्द नाही. तसाच ठेवावा.
भिंतीला मारला: मराठीत 'ला', म्हणून शब्दाला शब्द 'दीवार को'. हिंदीत सहज बोलताना 'दीवार पर दे मारा'.
विहीणबाई: 'समधिन जी'. 'बाई' तसंच ठेवू नये. हिंदीत पुष्कळ ठिकाणी बाई म्हणजे कामवाली समजतात.

चंद्राबाईनं चष्मा काढला. "दोन रकाने कशाला?"

"मधल्यावरनं वाक्य कसं बांधलंय ते कळतं. शिकणाऱ्याला ते लागतं. पण तसं कुनी बोलत न्हाय, म्हणून शेजारी सहज."

"बरं. मंग माजा टोमणा कुठल्या रकान्यात बसलाय?"

वृषाली कागद परत ओढायला गेली.

"ह्या तिसऱ्यात तर तू विहिणीला बक्षीस दिलंयस गं! लाडू मजबूत! ती काय सिमेंट घेऊन येनार हाय?"

"आज्जे, पप्पांनीच सांगितलंय. गोड लिही म्हणाले."

"गोडच पायजे तर गुळाची ढेप ठेव मांडवात. मला कशाला उभं करतीस?"

पण अजित मध्ये पडला, हातापाया पडला, आणि शेवटी ठरलं ते असं: गाणं चंद्राबाईचं, अर्थ तिसऱ्या रकान्याचा. चंद्राबाई हो म्हणाली. ती इतक्या सहज हो म्हणाली, की अजितला रात्रभर झोप आली नाही.

इंदापूरच्या कार्यालयात रुखवत मांडलं. सागरकडच्यांना ही चाल नवी, पण संस्कृतीनं घरी समजावलं होतं, म्हणून त्यांनी हौसेनं टेबल भरून लाडू, खुरमे आणि कसल्या कसल्या बर्फ्या आणल्या होत्या. नवरीची आई रामकली, डोक्यावर पदर, नाकात ठसठशीत फुली, टेबलामागं राखणीला उभी राहावी तशी उभी. इकडं बायकांचा घोळका. त्यात चंद्राबाईची नणंद सारजा, खास कऱ्हाटीहून आलेली, पुढची जागा धरून.

चंद्राबाईनं पदर खोचला आणि आवाज लावला. भिंत कोसळली तशा आपल्याकडच्या बायका खिदळल्या. मग सगळ्यांची तोंडं रामकलीकडं. संस्कृतीनं कागद धरून तिसरा रकाना वाचला.

रामकलीचा चेहरा असा फुलला की बस. तिनं दोन्ही हात जोडले. "अरे समधिन जी, आपको अच्छे लगे!" आणि भाच्याला हाक मारून आणखी एक परात चंद्राबाईपुढं आणवली.

चंद्राबाईनं दुसरं म्हटलं.

"आलं आलं रुखवत, झाकलं वर फडकं;
विहीणबाई मिरवतात, घरी फुटकं मडकं!"

संस्कृतीनं वाचलं, "समधिन जी, आपने कितने सुंदर कपड़े से ढका है, आपका घर भी ऐसा ही होगा।"

रामकलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ताटावरचं ते जरीचं फडकं काढलं आणि चंद्राबाईच्या खांद्यावर घातलं. तिचा भाऊ मानसिंग मागून म्हणाला, "माताजी कितना मीठा बोलती हैं!"

आयुष्यात चंद्राबाईला असं कुणी म्हटलं नव्हतं. फडकं खांद्यावर घेऊन ती उभी राहिली, तमाशात नवीन आलेल्या सोंगाड्यासारखी.

सारजानं संधी सोडली नाही. "वैनी, तुमची जीभ माळेगावच्या कारखान्यातनं आनली व्हय? नुसती साखर गळतीया!"

घोळका चंद्राबाईवर हसला. विहिणीवर नाही, चंद्राबाईवर! तिच्या लेकरांतलं हे शेवटचं लग्न. आज ती मुकी ठरली, तर सारजा कऱ्हाटीला पोचायच्या आत वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर सांगत जाणार की वैनीची जीभ म्हातारी झाली.

"संस्कृती," ती म्हणाली, "तो तिसरा रकाना झाक. मधला वाच. शब्दाला शब्द."

"आज्जे!" वृषाली पुढं धावली. अजितनं डोळे मिटले.

"मधला वाच म्हनते ना!"

नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी सासूचं मोडायचं कसं? तिनं वाचलं. "आया आया रुखवत, लड्डू लाए लपेटकर, एक मारा दीवार को, दीवार गिरी ढहकर।"

आता भडका उडणार म्हणून अजित दोन पावलं मागं सरला.

रामकली घाबरली खरी, पण भलत्याच गोष्टीला. "हाय राम! कौन-सी दीवार गिरी? किसी को लगी तो नहीं?"

मानसिंग लगेच कार्यालयाच्या मागच्या बाजूला भिंत बघायला गेला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. एकजण मॅनेजरला हाका मारू लागला. अजितही त्यांच्यामागं पळाला, "भाईसाब, दीवार ठीक है, गाने में गिरी है," असं ओरडत. सारजा खाली बसून पोट धरून हसत होती.

चंद्राबाईनं वृषालीला कोपऱ्यात ओढलं. "ह्या तुज्या विद्येत काय राम न्हाय. गोड केलं तर आभार, शब्दाला शब्द केलं तर अपघात! टोमणा न्यायला गाडीच न्हाय व्हय ह्यात?"

"टोमण्याला त्यांच्याकडचाच टोमणा पायजे आज्जे. साचा त्यांचा पायजे. मला तो ठावं न्हाय."

चंद्राबाईनं सुनेकडं मान वळवली. "का गं, तुमच्यात विहिणीला कुनी शिव्या देत न्हाय? लगीन काय मुक्यानं लावता?"

संस्कृतीनं तोंडावर हात धरला. "देते हैं ना आई! गाऊन देतात. गारी म्हणतात. जेवायला बसले की समधी-समधिन सगळ्यांना. मम्मी तर नंबर एक आहे."

"आन् हे तू आत्ता सांगतीस!" चंद्राबाईनं कपाळावर हात मारला. "बस हितं. तुमच्या गारीची चाल कशी असती? गुणगुण. वृषे, लाडू आन् भिंत सोडू नकोस, बाकी समदं सोड."

"घोळून सोडू?"

"घोळून गेलं खड्ड्यात. यमक त्यांचं घे."

तिघी डोक्याला डोकं लावून बसल्या. संस्कृती म्हणाली, भगदाडाला 'पोल' म्हणू, आणि दीवार नको, गावाकडं 'भीत' म्हणतात. चंद्राबाईला ते फार आवडलं. आपल्याच भिंतीची धाकटी बहीण की ही! आणि मग ती घोळक्यापुढं आली, खांद्यावरचं फडकं कमरेला बांधलं, आणि सागरच्या चालीवर बावड्याचा आवाज चढवला.

"समधिन लाईं लड्डू, ऐसे गोल-मटोल,
भीत पे एक जो मारा, भीत में हो गई पोल!"

रामकली जागच्या जागी थांबली. हातातली परात तिनं हळूच खाली ठेवली. भिंत बघून आलेला मानसिंग दारातच उभा राहिला. अजित बहुतेक कुलदैवताला नवस बोलला, कारण त्याचे ओठ हलत होते.

रामकलीनं पदर आणखी पुढं ओढला, कमरेवर हात ठेवला, आणि असा काही पहाडी आवाज काढला, की बॅन्डवाला चहा टाकून बघायला आला.

"लडुआ को का दोष समधिन, मुँह में एकउ न दाँत;
खा न पाईं तो भीत पे मारे, ऐसी तुमरी बात!"

सागरकडच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. एकदम त्या सगळ्यांना घरी आल्यासारखं झालं. रामकली चंद्राबाईकडं बघत होती, आता तुमची पाळी, अशा नजरेनं.

इकडच्या बायकांना नीट लागलं नव्हतं. सारजा वृषालीला ढोसू लागली, "काय म्हनली गं? वैनीला काय म्हनली?"

वृषालीनं आजीकडं पाहिलं, गिळलं, आणि सुरुवात केली, "त्या म्हणतात, आज्जीची तब्येत जरा नाजूक असल्यामुळं..."

"खबरदार!" चंद्राबाई कडाडली. "माजा अपमान झालाय तर नीट होऊ दे. असा लुळापांगळा करून आनू नको माज्या मानसांत. सर बाजूला."

तिनं क्षणभर डोळे मिटले. ओठ हलले. मग सारजाकडं तोंड करून, स्वतःच्या बोळक्याकडं बोट दाखवत, तिनं विहिणीचा टोमणा आपल्या चालीवर घातला:

"लाडवाला नावं ठेवता, तोंडात न्हाय दात;
चावता येईना म्हनून, भिंतीवर उचलला हात!"

घोळका असा हसला की रुखवताचं टेबल हललं. सारजासुद्धा हसता हसता म्हणाली, "वैनी, ह्यो तर तिच्यापरीस झोंबला!" रामकलीनं लेकीकडून मराठीचं हिंदी करून घेतलं, आणि लाडूचा बारका तुकडा मोडून चंद्राबाईच्या तोंडात घातला. चंद्राबाईनं तो बराच वेळ घोळवला, पण भिंतीकडं काही बघितलं नाही.

"वृषे, लिही कागदावर," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "आन् टीप घाल खाली."

वृषालीनं पेन काढला. "काय घालू?"

"हात उचलला, हे विहिणीचं न्हाय. दाताला जोड पायजे म्हनून पदरचं घातलंय. शिकनाऱ्याला खरं सांगावं."

"पदरचं आजीनं घातलं, असं लिहू?"

"आजी कुनाची? नाव लिही चांगलं. चंद्राबाई, मुक्काम बावडा."