आवाज बंद करून पाहिलेला सामना

संघ एक गडी राखून जिंकला. संघाच्या कार्यालयात सोशल मीडिया सांभाळणाऱ्या मुलीने घाईघाईने सात पोस्टचा थ्रेड लिहिला. साहेबांनी तो वाचून मान हलवली.

"निम्मी वाक्यं समालोचकाची आहेत. धावा, बळी कुणीही सांगावेत, पण शब्द आपले हवेत."

तिने मावशीला फोन लावला. समालोचक बोलले की आपली विकेट जाते, अशी मावशीची खात्री होती. म्हणून ती टीव्हीचा आवाज बंद करूनच सामना बघायची.

"अगं, शेवटच्या षटकात नऊ हव्या होत्या आणि तुमचा अकरावा पठ्ठ्या हातमोजे आवळत बसला! माझा जीव टांगणीला. मग हाणला की विजयी षटकार!"

"हे वापरू का गं?"

"वापर की! तेवढंच माझं नाव होईल."

धावफलकात तो चौकार होता, तेवढं तिने दुरुस्त केलं. थ्रेड चारच पोस्टचा झाला. पहिली होती, "जिंकलो! एक गडी राखून. नख मात्र एकही राखलं नाही." दुसरीत मावशीच्या नावासकट ते हातमोजे आले.

चाहत्यांनी थ्रेड डोक्यावर घेतला. मावशीचा लगेच फोन आला.

"चौकार काय? षटकारच होता!"

"चष्मा बदल, मावशी," ती हसत म्हणाली.