आठ दिवसांसाठी आलेला जॅक

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. ओतीव लोखंडाचं बूड, त्यात आटे असलेला जाड दांडा. दांडा फिरवला की तो वर सरकतो आणि डोक्यावरचं ओझं उचलतो. हात काढला तरी आटे त्याला खाली येऊ देत नाहीत, आणि याच गुणाने माझा घात केला.

पूर्वी मी मालट्रक उचलत असे. मग एका लाकडी हवेलीत भिंतीत बसवलेल्या मुख्य खांबाचा पाय ओल शोषून कुजला. सुताराने कुजका भाग कापून तिथे, भिंतीतल्या कोनाड्यात, मला उभं केलं आणि नवं लाकूड येईपर्यंत आठ दिवस थांबायला सांगितलं. तोवर घरात लग्न निघालं. कोनाडा वाईट दिसतो म्हणून मालकिणीने तो विटा लावून बुजवून घेतला. आठव्या दिवशी कुणी आलं नाही. नंतरही आलं नाही. बंद जागेत ओल कोंडली आणि मी गंजत राहिलो.

तीस वर्षांनी मालकीण वारली आणि हवेली तिच्या भाचीला मिळाली. तरुण मुलगी, मोठ्या हौसेने वडिलांना घेऊन राहायला आली. भिंत पोकळ वाजली तेव्हा तिला वाटलं, आत्याचे दागिने सापडणार. तिने विटा काढल्या, मला पाहिलं, नाक मुरडलं आणि हे भंगार ओढून काढायला हात घातला.

"ताई, हात लावू नका," घर तपासायला बोलावलेला नवा सुतार मागून हळूच म्हणाला. "अख्खं घर त्याच्यावर उभंय. वर कोण आहे?"

"बाबा," ती म्हणाली आणि तिने हात मागे घेतला.

बाबांना मागच्या जिन्याने सावकाश खाली आणलं. मला पाहून त्यांना सगळं आठवलं.

"आक्का म्हणाली होती, लग्न उरकलं की दुरुस्त करू. माझंच लग्न होतं ते."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि सुट्टीत मी वरच्याच खोलीत झोपायचे."

"विसरलो गं," ते म्हणाले.

सुताराने वरचं सामान उतरवलं. खांबाच्या दोन्ही बाजूंना जाड फळ्यांवर टेकू उभे केले आणि पाचरी आळीपाळीने ठोकल्या. खांबावरची तुळई केसभर उचलली गेली. तीस वर्षांनी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटत होता. चांगलं लाकूड लागेपर्यंत त्याने खांब कापला, वाळलेल्या लाकडाचा नवा पाय लांब सांध्याने जोडला, बोल्ट आवळले आणि खाली दगड बसवला, म्हणजे ओल वर चढणार नाही.

मग त्याने मला उलटं केलं. माझ्या बुडाला आरपार तडा गेला होता. बोट लावताच अर्धा तुकडा जमिनीवर पडला.

मी हादरलो. मित्रांनो, इतकी वर्षं मला वाटत होतं, मी घट्ट उभा आहे. तुमच्या घरात असं आठ दिवसांसाठी काही लावलं असेल, तर आजच जाऊन बघा. ते तुम्हाला हाक मारणार नाही.