साहेबांनी वाचायचं वाक्य

"राजीनामा लिहूनच ठेवलाय. तुम्ही फक्त सही करा," साहेब म्हणाले. वर उपकार केल्यासारखं हसले. "काढून टाकलं असं कागदावर आलं, तर तुम्हाला दारात कुणी उभं करणार नाही."

कंपनीचा माल परदेशी पाठवायचं काम मी नऊ वर्षं केलं. मागच्या महिन्यात औषधांचा माल वाटेत तापून वाया गेला. थंड कंटेनर रद्द करून साधा घ्या, स्वस्त पडतो, असा मेल मला साहेबांनीच केला होता. मी नको नको म्हटलेलं. पण ऑफिसभर बोभाटा काय, तर बाईंनी घोळ घातला! आणि आता खर्चकपात म्हणून घरचा रस्ताही मलाच. चोर तो चोर, वर शिरजोर.

"विचार करून सांगते," एवढंच म्हटलं आणि पर्स उचलली. आणखी बोलले असते तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या.

माझी वहिनी वकील आहे, कामगारांचे खटले लढवते. ती म्हणाली, "राजीनामा दिलास तर स्वतःच्या पायावर धोंडा. स्वतःहून गेलेल्याला भरपाई कशाला देतील? पद बंद केलं असं त्यांना लिहू दे. नोटिशीचा पगार, उरलेल्या रजा, भरपाई, काही महिने आरोग्यविमा, सगळं लेखी घे. बदल्यात पुढे दावा करणार नाही, अशी तुझी सही त्यांना लागेल. ती फुकट देऊ नकोस."

"पैसे गेले खड्ड्यात. मला त्याचं नाक कापायचंय!"

"मग दोन्ही घे की, वेडाबाई."

मधल्या दिवसांत मी एक मुलाखत देऊन आले. जुनी नोकरी का सोडली, असं विचारलं आणि माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो समोरच्याने पाणी पुढे केलं तरी थांबेना. ती नोकरी अर्थातच हातची गेली. झोपेत दात इतके आवळत होते की सकाळी पोळीचा घास चावेना. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, संध्याकाळी चालत जा. मी चालायचे, पण मनात साहेबांना तुडवत चालायचे.

वाटाघाटीला एचआरवाली, साहेब, वहिनी आणि मी. पैशांचं पटकन जमलं. वहिनी म्हणाली, "एकमेकांची बदनामी करायची नाही, हे कलम दोघांनाही लागू हवं. आणि कुणी चौकशीचा फोन केला, तर काय सांगायचं तेही इथेच ठरवू." वाक्य मी लिहिलं: 'यांचं पद खर्चकपातीमुळे बंद झालं, औषधांच्या मालाच्या नुकसानीत यांची काहीही चूक नव्हती.'

साहेब लालबुंद झाले. "हे मी का म्हणू?"

"तुमचा मेल कंपनीकडे आहेच," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "कोर्टात मागवू या का?"

एचआरवालीने साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. तिला तिमाही संपायच्या आत प्रकरण मिटवायचं होतं. साहेब करवादले, "ठीक आहे, फोन मलाच येऊ देत. हिला विचारणार तरी कोण आहे?" तेही कलमात गेलं. सह्या झाल्या.

मग मी अर्जांचा सपाटाच लावला. जुनी नोकरी का सोडली, असं कुणी विचारलं की शांतपणे म्हणायचे, "पद बंद झालं. साहेबांना फोन करून विचारा ना." तिसऱ्या ठिकाणी निवड झाली. तिथली बाई हसत म्हणाली, "तुमचे साहेब कागदावरून वाचल्यासारखं बोलत होते हो!" त्या रात्री मी आडवी पडले ती थेट सकाळीच उठले.

नवी नोकरी चांगली होती. तरी मी आणखी अर्ज केले. नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, नोकरी लागली ना? आता कशाला?"

"त्याचा फोन वाजायला हवा."

शेवटी साहेबांनीच फोन केला. एवढा पडलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "बाई, किती वेळा वाचायचं? केबिन काचेची आहे, बाहेर सगळ्यांना ऐकू जातं. आता पुरे करा."

"करारात मुदत नाही, साहेब. तुम्ही न वाचताच सही केलीत."

"काय हवंय तुम्हाला?"

खरंच, काय हवं होतं? एवढ्या लोकांनी ते वाक्य ऐकलं, मी मात्र एकदाही नाही.

"मला वाचून दाखवा. मग अर्ज बंद करते."

कागद चाळल्याचा आवाज आला. साहेबांनी घसा खाकरला आणि वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मला वाटलं होतं मी हसेन. पण रडूच फुटलं, आणि त्याला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन ठेवून दिला.