टर्मिनल घट्ट

जालन्याच्या एका डाळमिलमध्ये तीन महिन्यांत तिसऱ्यांदा तीच मोटर जळाली आणि खापर पुन्हा वायंडिंगवाल्या धर्मराजवर फुटलं. बिचारा आपली तार दाखवत फिरला, पण ऐकतो कोण! मॅनेजर सुरेखा मॅडमनी ठरवलंच होतं, आजचा सर्व्हिस रिपोर्ट आला की धर्मराजचं काम कायमचं बंद.

रिपोर्ट सर्व्हिस टेक्निशियन राधेश्याम लिहिणार होता. मागचे दोन्हीही त्याचेच, आणि दोन्हींत तीच ओळ: टर्मिनल घट्ट, वायंडिंग कमजोर.

या खेपेला त्याने मीटर चालत्या मोटरवर लावला. मशीन बंद ठेवून मोजलं की तिन्ही फेज कशा अगदी शहाण्यासारख्या बराबर दिसतात! आता बदली मोटर लोडवर होती आणि आकडे आले ४११, ३८८, ३८६ व्होल्ट. मेन पॅनेलवर मात्र सगळं ठीक. एवढ्या तफावतीनं करंटचा तोल पार बिघडतो आणि वायंडिंग भाजून निघतं. म्हणजे घोळ मधेच कुठंतरी होता.

सप्लाय बंद करून त्याने स्टार्टर उघडला. मधल्या फेजच्या टर्मिनलच्या स्क्रूवर लाल ठिपका होता. मिलचे इलेक्ट्रिशियन कारभारी उस्ताद स्क्रू आवळला की नेलपॉलिशचा ठिपका देत. राधेश्याम त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्या ठिपक्यावर पेचकस लावायचा म्हणजे उस्तादांवर संशय घ्यायचा, म्हणून त्याने दोन्ही वेळा लावलाच नव्हता. आज लावला. स्क्रू चांगला दीड आटा फिरला. वायरचं टोक खाली काळंठिक्कर पडलेलं.

उस्तादांनी चष्मा सरकवून पाहिलं. "दोन वर्षं झाली हा ठिपका देऊन. गरम-थंड होऊन ढिल्ला झाला. माहीच चूक हाये. पण तू काऊन न्हाई पाह्यलं?"

"तुमचा ठिपका होता."

"मंग? त्याला काय देव समजून राह्यला?"

राधेश्यामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जळकं टोक कापून वायरला नवीन लग, म्हणजे धातूचं टोक, बसवलं, स्क्रू आवळला. मोटर चालवल्यावर ४०९, ४११, ४१०.

रिपोर्ट लिहिताना त्याचा हात अडला. स्क्रू नुकताच ढिला झाला असं लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? धर्मराजची सुटका झाली असती आणि स्वतःचीही. मग लिहिलं: 'मागील दोन्ही वेळी टर्मिनल न तपासताच घट्ट असे लिहिले. वायंडिंगमध्ये दोष नव्हता.'

सुरेखा मॅडमनी ते दोनदा वाचलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता फोन लावला आणि त्याच्यापुढं धरला. "धर्मराज आहे. तुम्हीच सांगा."

"धर्मराजभाऊ, तुमचं काम बराबर होतं. मी स्क्रू न पाहताच तुमच्यावर लिहिलं."

"हेच तर मी तीन महिन्यांपासून सांगून राह्यलो," धर्मराज म्हणाला. "ती जळालेली मोटर वायंडिंगला कवा धाडता?"