तीन नंबरची उमेदवार

घरात तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणायचे. नवऱ्यानेच ठेवलेलं नाव. बाजारात वांगी घेताना ही बाई वांग्याचं गाव विचारणार, दवाखान्यात गोळीचा रंग असाच का म्हणून डॉक्टरांना पिडणार. पण या खेपेला, जिथे विचारायला हवं होतं तिथेच तिनं तोंडाला कुलूप घातलं. का? तर आनंद! चाळिशीच्या उंबरठ्यावर सरकारी नोकरी लागली, वयाची अट संपायच्या आतली शेवटची परीक्षा पास झाली. आनंदाने भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

नेमणुकीच्या पत्रात जिल्ह्याचं नाव होतं. बाईंनी ते वाचलं आणि लगेच जिल्ह्याच्या गावी धाव घेतली. ऑफिसापासून हाकेच्या अंतरावर खोली बघितली, किल्ली घेतली. मुलीचं दहावीचं वर्ष, अभ्यास आईजवळच व्हायला हवा, म्हणून तिचा जुन्या शाळेतून दाखला काढला आणि तिथल्या मोठ्या शाळेत नेऊन दाखवला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घेते की. तुमचा हजर झाल्याचा कागद आणा. आणि एक लक्षात ठेवा, परीक्षेचे अर्ज एकदा भरले की मग शाळा बदलता यायची नाही."

"बदलायची कशाला?" बाई हसून म्हणाल्या. नवरा शिवणकामाचं दुकान सोडून येणार नव्हता, तेव्हा इथे मायलेकी दोघीच राहणार होत्या.

हजर व्हायच्या दिवशी मुलीला ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर बसवून बाई आत गेल्या, तेव्हा कुठे कळलं की जिल्हा मिळाला म्हणजे जिल्ह्याचं गाव मिळालं असं नव्हे. रिकाम्या जागांची यादी भिंतीवर लावलेली होती. गुणांच्या क्रमाने एकेकाला बोलावणार, ज्याने त्याने जागा निवडायची. जिल्ह्याच्या गावात जागा एकच. बाई तिसऱ्या.

पहिला उमेदवार आत गेला, त्याने आपल्या घराजवळचं तालुक्याचं गाव घेतलं. ठीक आहे, घर ते घर. दुसरी आत गेली. ती तर याच गावात वाढलेली, माहेर समोरच्या गल्लीत, आणि तिने चक्क दूरचं गाव निवडलं!

आता कोणीही शहाणी बाई देवाचे आभार मानून सही करून मोकळी झाली असती. आमच्या बाईंचा मात्र मूळ स्वभाव जागा झाला. साहेबांनी यादी पुढे सरकवली, तशी त्यांनी विचारलं, "साहेब, ही जागा कुणालाच का नको?"

साहेबांनी नेमणुका-बदल्या बघणाऱ्या आस्थापनेच्या भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सारला. "लपवण्यासारखं काही नाही ताई. या जागेवरचे गृहस्थ अभ्यासासाठी लांबच्या रजेवर आहेत. जानेवारीत येतील. आले की जागा त्यांची."

"आणि मी?"

"तेव्हा जिथे रिकामी असेल तिथे. आणि पहिली दोन वर्षं परिवीक्षेची, म्हणजे कच्च्या नोकरीची, त्यात तुमच्या विनंतीवरून बदली होत नाही."

जानेवारी. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर आई कुठल्या तरी गावाला आणि पोर एकटी या खोलीत. बाईंनी पाच मिनिटं मागितली.

बाहेर येऊन त्यांनी लेकीला सगळं सरळ सांगितलं, काही झाकलं नाही. मुलगी आईवर गेलेली. तिने विचारलं, "बाकीच्या गावांत दहावीपर्यंत शाळा कुठे कुठे आहे?"

भाऊसाहेबांनी दारातूनच सांगितलं, "दोन गावांत. त्यातल्या एका गावात ऑफिसला लागून दोन खोल्यांचं सरकारी निवासस्थान आहे, रिकामंच पडलंय. गाव लहान आहे हो, संध्याकाळी सातनंतर बस नाही."

"पण जागा कायमची आहे ना?" बाईंनी विचारलं.

"अगदी कायमची."

त्या आत गेल्या आणि लहान गावापुढे सही केली.

खोलीची किल्ली परत करून मायलेकी बसस्टँडवर आल्या. रस्त्यात ऑफिसची तीन मजली इमारत दिसत होती. बाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"आई, तुला हेच गाव हवं होतं ना?" मुलीने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "हो गं. फार हवं होतं. नऊ वर्षं स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसायचे ना, तेव्हा या ऑफिसातलं टेबलसुद्धा ठरवून ठेवलं होतं मी. खिडकीजवळचं."

"मग माझ्यासाठी सोडलंस?"

"तुझ्यासाठी," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "आणि वाईट वाटतंय मला. ते आज वाटू दे. उद्या आपल्याला त्या गावच्या शाळेत जायचंय."

मुलीने आईच्या हातातला दाखला घेतला, नीट घडी करून आपल्या दप्तरात ठेवला आणि बस कुठून सुटते ते विचारायला ती स्वतःच चौकशीच्या खिडकीकडे गेली.