सहा चादरी कमी

वसतिगृहाच्या कपड्यांच्या खोलीत मावशींनी गठ्ठा तिसऱ्यांदा मोजला. धुवायला गेल्या एकशेवीस चादरी, परत आल्या एकशेचौदा.

"सहा हरवल्या असं लिहा. उद्यापासून दुसरा धोबी बघू," रेक्टरबाई म्हणाल्या.

"बाई, माझ्याकडे एकही नाही राहिली," धोबी पडल्या आवाजात म्हणाला. "पण नेताना न मोजताच सही केली, हे खरं."

मावशींनी हरवल्या-फाटल्याची वही उघडली आणि सोमवारची नोंद त्यांना दिसली. त्या दिवशी गठ्ठा धुवायला देण्याआधी सहा विरलेल्या चादरी त्यांनीच गठ्ठ्यातून काढून बाद केल्या होत्या. पावतीवरचा आकडा तेवढा बदलायचा राहिला होता. वही मिटली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"चूक माझी आहे," म्हणत त्यांनी वही रेक्टरबाईंपुढे सरकवली. धोबी खाली बसला आणि त्याने डोळे पुसले.