टायरच्या दरांचा तक्ता

माळेचे मणी बोटांखालून सरकत होते आणि मन पत्राच्या पाकिटात अडकलं होतं. साठावा की एकसष्टावा मणी, तेही आठवेना. तेवढ्यात डोळ्यांपुढे तो कागद लख्ख उभा राहिला.

आमचा छोटासा ट्रस्ट डायलिसिसच्या नऊ रुग्णांना आठवड्यातून तीनदा गाडीने दवाखान्यात नेतो. मी खजिनदार. जुन्या देणगीदाराने हात आखडता घेतला, आणि पहिल्या तारखेपासून गाडी चालवायला पैसे उरणार नव्हते. त्या नऊ जणांतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई गाडीत चढताना दर वेळी एकच विचारायच्या, "ताई, पुढच्या महिन्याचं काय?" मी म्हणायचे, बघू. बघू म्हणताना त्यांच्याकडे बघवायचं नाही.

म्हणून नाक्यावरच्या टायरच्या मोठ्या दुकानाला मी प्रायोजकत्वाचं पत्र लिहिलं. वर्षाचा खर्च चार लाख चोवीस हजार. त्यातले एक लाख चौऱ्याहत्तर हजार आम्ही सभासद उभे करू, अडीच लाख आपण द्यावेत, गाडीच्या दोन्ही बाजूंना आपलं नाव लावू, दर तीन महिन्यांनी हिशेब पाठवू. सोबत अंदाजपत्रक: चालकाचा पगार, डिझेल, विमा, देखभाल, टायर. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवालही जोडला. आणि कुणी शंका घेऊ नये म्हणून टायरच्या तीन दुकानांच्या दरांचा तक्ताही.

तिसरं दुकान त्यांचंच होतं. सगळ्यात महाग. आणि समोर आमच्या सचिवांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा माणूस गिऱ्हाईक बघून कापतो. नको.'

पत्र कालच संध्याकाळी मी स्वतः देऊन आले होते.

माळ तशीच देव्हाऱ्यात ठेवली आणि निघाले. वाटेत सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, मालक दहाशिवाय येत नाहीत, गोड बोलून पाकीट मागून घ्या, तेवढा कागद काढा, कुणाला कळतंय. त्यांना स्वतः लिहिलेल्याची लाज वाटत होती, पण फोनवरच; सोबत येतो म्हणाले नाहीत.

दुकानात काउंटरवर मालकांची सून होती. पाकीट टेबलावर बंदच पडलेलं. मी म्हटलं, एक पान बघायचं होतं. तिने निमूटपणे पाकीट हातात दिलं आणि फोनवर कुणाला तरी चाकाचा आकार सांगू लागली.

पाकीट उघडलं. तक्ता पाचव्या पानावर होता. पत्राच्या शेवटी मीच लिहिलेलं, 'सोबत पाच पाने.' पाच खोडून चार लिहायला एक क्षण पुरला असता. पेन पर्समध्येच होतं. हात पर्सपर्यंत गेलाही. मग बाई आठवल्या, आणि त्यांच्यासाठीच हे करतेय असं मनाला पटवू लागले. ते इतकं पटकन पटलं की माझीच मला भीती वाटली. पाकीट मिटलं आणि खुर्चीवर बसून राहिले.

दहाला मालक आले. मी उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं, पेनाची गोष्ट सोडून. मग तीही सांगितली.

त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा तक्ताच काढला. बराच वेळ वाचला. सुनेला बोलावून दाखवला. ती हसू दाबत आत गेली.

"म्हणजे मी कापतो, आणि पैसेही माझ्याकडेच मागायचे," ते म्हणाले. "तुमच्या सचिवांची छाती मोठी आहे."

मग तक्त्यावरच्या पहिल्या दोन दुकानांवर त्यांनी बोट ठेवलं.

"पहिल्या दोघांना तुम्ही काय सांगितलंत? गाडीत माणसं किती ते सांगितलंत?"

आम्ही फक्त टायरचा आकार सांगितला होता. ते उठले, दोन टायर ओढत आणले. दोन्हींचा आकार एकच. मग कडेवरचा एक आकडा दोन्हींवर बोट ठेवून दाखवला. तो वजनाचा, दोन्हींवर वेगळा. स्वस्तातला टायर कारचा होता. चालक, नऊ माणसं आणि मागे चाकांची खुर्ची एवढा भार त्याने पेलला नसता.

"तुमच्याकडून कुणी मला दर विचारायला आलं, तेव्हा मी गाडी कुठली, माणसं किती, ते विचारलं होतं. म्हणून माझा दर आठ हजार चारशे. त्यांचा पाच हजार शंभर."

अंदाजपत्रकात आम्ही स्वस्तातलाच दर धरला होता; चार टायरांचे तेरा हजार दोनशे वाढले. म्हणजे अडीच लाखही पुरणार नव्हते. मागायला आले होते, आणि मागणंच वाढून बसलं.

"सुधारून आणते," मी कसंबसं म्हटलं. "दोन लाख त्रेसष्ट हजार दोनशे होतील."

"आणा. खाली सचिवांची सही पाहिजे, पेनाने." त्यांनी तक्ता घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. "हा माझ्याकडेच राहू दे. आणि पहिल्या तारखेला गाडी दवाखान्यात न्यायच्या आधी इथे आणा. टायर बदलल्याशिवाय माझं नाव त्या गाडीवर लावायचं नाही."

बाहेर आले तेव्हा गाडी नाक्यावर थांबलेली. बाई चढत होत्या, एक हात दांड्यावर. मला बघून थांबल्या. मी चाकाकडे बघत होते.

"ताई, पुढच्या महिन्याचं काय?"

"पहिल्या तारखेला अर्धा तास लवकर तयार राहा," मी म्हटलं. "आधी टायर बदलायचेत."